ताप उतरल्यावरची बेल

फ्लू अचानक येतो. दुपारपर्यंत हिंडताफिरता असलेला माणूस संध्याकाळी अंग दुखतंय म्हणून आडवा होतो, थंडी वाजते, घसा खवखवतो आणि ताप चढतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसात मात्र हे चित्र पुसट होते. वयाबरोबर शरीराची ताप चढवण्याची ताकदही कमी होत जाते, त्यामुळे आजार जोरात असूनही अंग नुसते कोमट लागू शकते. त्याऐवजी दिसतो तो गळाठा. जेवणावरची वासना उडते, उठताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. घरात आणखी कोणी असेल तर हा बदल त्याच्या नजरेत भरतो. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती नजर शेजाऱ्याची असते.

हे आजारपण दिवसागणिक कसे वळण घेते, ते एका नमुन्याच्या उदाहरणातून पाहता येईल. पुण्यातली तीन मजली जुनी इमारत, ऑगस्टचा पावसाळी आठवडा. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतोच. दुसऱ्या मजल्यावर 78 वर्षांचे निवृत्त शिक्षक एकटे राहतात; पत्नी वारलेली, मुलगा परदेशात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. समोरच्या दारातली शेजारीण त्यांना काका म्हणते. सकाळचे नऊ वाजून गेले तरी त्यांच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसते, म्हणून ती बेल वाजवते. दार उघडायला वेळ लागतो. “काही नाही गं, जरा कणकण आहे,” एवढेच उत्तर मिळते.

त्या उत्तरावर समाधान मानून परत न जाणे, ही त्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फ्लूवरचे ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. ते साधारण पाच दिवस, दिवसातून दोनदा घेतात आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर डॉक्टर मात्रा कमी करतात. म्हणून वृद्ध, मधुमेही किंवा हृदयरोगी माणसाच्या बाबतीत “दोन दिवस वाट पाहू” म्हणणे महागात पडते. शेजारीण त्याच सकाळी डॉक्टरांना फोन लावते, कणकण कालच्या दुपारपासून आहे हे सांगते आणि चालू गोळ्यांची नावे पाकिटांवरून वाचून दाखवते.

उशाशी तिला सर्दीच्या गोळ्यांचेही पाकीट दिसते. अशा मिश्र गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतेच. वर तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. त्यातले नाक मोकळे करणारे औषध रक्तदाब वाढवू शकते. ॲलर्जीवरच्या घटकाने झापड येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते. डॉक्टर ते पाकीट बाजूला ठेवायला सांगतात. शेजारीण घराची जादा किल्ली मागून घेते, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा अशी वेळ ठरवते आणि एक वही करते. वेळ ठरलेली असली की कालची आणि आजची तुलना करता येते. चौकशीचा सगळा उपयोग या तुलनेत आहे. माणूस स्वतः “बरा आहे” म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. आजाराने त्याचे स्वतःविषयीचे मापच बोथट केलेले असते.

तिलाही जपायचे असते. मोठ्या माणसाकडून फ्लूचा संसर्ग लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाचसात दिवस होऊ शकतो. म्हणून दोघांच्या तोंडाला मास्क, खिडकी उघडी, बसणे हाताच्या अंतराहून लांब आणि निघताना साबणाने हात धुणे, एवढे ती कटाक्षाने पाळते. रोज दहा मिनिटे पुरतात.

त्या दहा मिनिटांत ती माणसाइतकेच घराकडे पाहते. सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी किती उतरला? डबा उघडला गेला का? गोळ्यांच्या पट्टीत किती उरल्या? दुसऱ्या दिवशी तांब्या जवळजवळ भरलेलाच दिसतो. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते आणि तापात घाम व श्वास यांतून पाणी जात राहते. उठून बाथरूमला जायचा त्रास नको म्हणून काही जण मुद्दाम कमी पितात. लघवी गडद पिवळी आणि दिवसातून दोनतीनदाच, तोंड कोरडे, उभे राहिल्यावर अंधारी, या त्याच्या खुणा. भरलेला तांब्या समोर ठेवण्यापेक्षा अर्धी वाटी पेज, ताक किंवा पातळ वरण समोर बसून प्यायला लावले तर ते खरोखर पोटात जाते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा असेल, तर किती द्यायचे हे आधी डॉक्टरांना विचारावे लागते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका विचारतात, “आज शाळेला सुट्टी का दिली?” शाळा सोडून त्यांना वीस वर्षे होत आली आहेत. सकाळी ते नीट बोलत होते. असा गोंधळ काही तासांत उभा राहतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. स्मृतिभ्रंशापासून तो इथेच वेगळा ओळखता येतो, कारण स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो. “वय झालं, असं होतंच” म्हणून तो सोडून देणे ही घराघरांत होणारी चूक आहे. वार कोणता, आपण कुठे आहोत, वीसपासून उलटे आकडे म्हणता येतात का, हे विचारले की अंदाज येतो. गोंधळाचे कारण पाणी कमी पडणे असू शकते, ऑक्सिजन उतरणे असू शकते, आणि मधुमेही माणसात साखर घसरणे हे सर्वांत आधी तपासायचे.

काकांच्या वहीत दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत: डबा परत आला, आणि सकाळची साखरेची गोळी घेतली. ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे. ती शरीराकडून इन्शुलिन काढून घेते, पोटात अन्न असो वा नसो. एरवी संसर्गात साखर वाढते, पण उपाशीपोटी अशी गोळी गेली की उलट होऊ शकते. हाताला घाम सुटलेला आहे. घरातल्या ग्लुकोमीटरवर आकडा येतो 58. सत्तरच्या खालची साखर कमी समजतात. काका शुद्धीत आहेत आणि त्यांना गिळता येते आहे, म्हणून ती तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून देते. पंधरा मिनिटांनी आकडा 84 होतो. मग मऊ भात खायला घालते. गिळता येत नसते, तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवायची, कारण पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

इथे काम संपत नाही. या गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. डॉक्टर त्या रात्री दर दोनतीन तासांनी तपासायला सांगतात आणि जेवण सुरू होईपर्यंत ती गोळी थांबवतात. रात्री शेजारणीचा नवरा बाहेरच्या खोलीत, मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून झोपतो. गोळी थांबवायची की नाही हे शेजाऱ्याने ठरवायचे नसते. त्याने सांगायचे ते एवढेच की जेवण गेलेले नाही आणि गोळी गेली आहे. ही जोडी डॉक्टरांना फोनवर दुसरे कोणीच सांगू शकत नाही.

पाचव्या दिवशी ताप नाही. काका स्वतः चहा करतात, मुलाशी हसून बोलतात आणि “आता रोज कशाला येतेस” म्हणतात. बहुतेक ठिकाणी चौकशी थांबते ती याच दिवशी, आणि खरा धोका इथून पुढे असतो. फ्लूच्या विषाणूने श्वासमार्गाचे आतले अस्तर सोलवटलेले असते. नाकाघशात निमूट राहणारे जिवाणू त्या उघड्या जागेतून फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. माणूस सुधारतो, एकदोन दिवस बरे जातात, आणि मग तो पुन्हा ढासळतो. आजाराचा असा दुसरा उतार दिसला की फ्लू लांबला असे समजून थांबू नये.

वृद्धांत ताप परत येईलच असे नाही. सर्वांत आधी बदलतो तो श्वास. तो मोजायला घड्याळ पुरते: माणूस शांत बसलेला असताना, मोजतोय हे न सांगता, छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते पाहायचे. सांगितले की माणूस नकळत श्वास बदलतो. पूर्ण मिनिट मोजायचे, पंधरा सेकंदांची चौपट करायची नाही. मोठ्या माणसाचा श्वास साधारण 12 ते 20 असतो. वहीत चौथ्या आणि पाचव्या दिवशी 18 आहे. सहाव्या दिवशी संध्याकाळी 28. काका एक वाक्य पुरे करताना मध्ये थांबतात आणि डाव्या कुशीवर झोपायला नको म्हणतात. ऑक्सिमीटर 89 दाखवतो. बोट थंड असेल तर आकडा चुकतो, म्हणून हात चोळून, उबदार करून ती पुन्हा पाहते. 91. मिनिटाला तीसच्या जवळ गेलेला श्वास आणि 94 च्या खालचा ऑक्सिजन, हे दोन्ही एकत्र असताना सकाळची वाट पाहायची नसते. ती 108 ला फोन करते आणि वही सोबत देते.

रुग्णालयात छातीच्या एक्सरेत डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसतो. अँटिबायोटिक आणि ऑक्सिजनवर पाच दिवसांनी काका घरी येतात. तिथल्या डॉक्टरांना त्या वहीतून एका नजरेत कळते की श्वास चोवीस तासांत वाढला आहे, गोळी कधीपासून बंद आहे आणि शेवटचे पोटभर जेवण कधी झाले.

आणखी एक धोका हृदयाचा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवर आधारलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या तुलनेत सुमारे सहापट आढळले. म्हणून त्या आठवड्यात छातीत जडपणा, जबड्याकडे जाणारी कळ किंवा अचानक सुटलेला गार घाम “अशक्तपणा” या नावाखाली जाऊ द्यायचा नाही.

घरी आल्यावर शेजारणीच्या फेऱ्या दिवसातून एक होतात, पण थांबत नाहीत. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांची ताकद झपाट्याने जाते आणि ती परत यायला कित्येक आठवडे लागतात. या काळात पडण्याची भीती असते. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवणे आणि आंघोळीला स्टूल देणे हे त्यावरचे साधे उपाय. काका हात न टेकता खुर्चीवरून उठतात, एक मजला न थांबता चढतात आणि स्वतःचा स्वयंपाक करून जेवतात, असे सलग काही दिवस दिसल्यावर ती वहीत लिहिणे बंद करते.

शेवटच्या पानावर एकच नोंद उरते, पुढच्या वर्षीची. फ्लूचे विषाणू बदलत राहतात, म्हणून लस दर वर्षी घ्यावी लागते, आणि तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात. पावसाळ्याच्या आधी संरक्षण हवे तर मे महिन्यात ती घेऊन व्हायला हवी. त्या नोंदीत दोन नावे आहेत, काकांचे आणि शेजारणीचे स्वतःचे.