२१० अंशांभोवतीची लाट

थ्रीडी प्रिंटरच्या हॉटएंडमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या भागात, ॲल्युमिनियमचा एक छोटासा ठोकळा असतो. त्याच्या एका भोकात हीटर बसवलेला असतो आणि दुसऱ्यात थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा मण्याएवढा सेन्सर. पीएलए प्लास्टिकसाठी हा ठोकळा साधारण २१० अंश सेल्सिअसवर स्थिर राहावा लागतो. पण पडद्यावरचा आकडा कधी २०५ दाखवतो, कधी २१५, आणि छापलेल्या वस्तूच्या बाजूंवर आडवे पट्टे उमटू लागतात. कधी छपाई मध्येच थांबते आणि पडद्यावर Thermal Runaway अशी अक्षरं येतात.

अशा वेळी फर्मवेअरमधली सुरक्षा सैल करण्याचा मोह होतो. ते अजिबात करू नये. कारण समजायला ही सुरक्षा नेमकं काय पाहते ते बघू.

अनेक घरगुती प्रिंटर मार्लिन नावाच्या खुल्या फर्मवेअरवर किंवा त्याच्या बदललेल्या आवृत्त्यांवर चालतात. मार्लिन दोन वेळा राखण करतं. तापवायला सुरुवात झाली की ठरावीक सेकंदांत तापमान निदान २ अंशांनी चढलं पाहिजे, नाहीतर Heating Failed म्हणून सगळं बंद. एकदा लक्ष्य गाठलं की दुसरी राखण सुरू होते. मूळ मांडणीत हॉटएंडचं तापमान लक्ष्याच्या ४ अंशांहून जास्त खाली जाऊन सलग ४० सेकंद तसंच राहिलं, तर यंत्र थांबतं. बेडसाठी, म्हणजे वस्तू जिच्यावर उभी राहते त्या तापत्या पाटीसाठी, हेच आकडे २ अंश आणि २० सेकंद असे आहेत.

आता थर्मिस्टर धरून ठेवणारा स्क्रू ढिला झाला आणि मणी ठोकळ्याबाहेर आला असं समजा. वायर शाबूत असल्यामुळे फर्मवेअरला सेन्सर जिवंत दिसतो, फक्त तापमान कमी दिसतं. मग ते हीटरला पूर्ण वीज देतं. तरी आकडा वर येत नाही, म्हणून वीज देतच राहतं, आणि ठोकळा मात्र प्रत्यक्षात तापतच जातो. कमाल मर्यादा ओलांडली की बंद करणारी सोय इथे उपयोगाची नाही, कारण ती याच खोट्या आकड्यावर विसंबून असते. ‘वीज देऊनही आकडा का चढत नाही?’ हा प्रश्न विचारणारी राखणच या अपघातातून वाचवते. एके काळी घरोघरी पोचलेल्या अ‍ॅनेट ए८ या स्वस्त किटच्या मूळ फर्मवेअरमध्ये हीच राखण बंद होती, आणि ते किट घेतल्यावर आधी फर्मवेअर बदला असा सल्ला अनुभवी लोक देत असत.

तेव्हा आकडा झुलायला लागला की आधी लाटेचा आकार पाहावा. संगणकाला यंत्र जोडून पाच-दहा मिनिटं तापमानाचा आलेख काढला तर बरंच कळतं. लाट गुळगुळीत असेल, ठरावीक सेकंदांनी वरखाली होत असेल, तर दोष नियंत्रणाच्या आकड्यांत आहे. आकडा एकदम १०-१५ अंशांनी उडी मारून परत जागेवर येत असेल, तर कुठल्याही ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला एवढ्या झपाट्याने गार होता येत नाही. ती वायर आहे. हेड हाताने हळूहळू सरकवावं, ज्या वळणावर उडी येते तिथेच तार तुटत आलेली असते. आणि पहिला थर नीट जाऊन दुसऱ्या थराला तापमान घसरलं, तर त्याच वेळी सुरू झालेल्या पंख्याचा वारा प्लास्टिकऐवजी ठोकळ्यावर लागतोय. ठोकळ्यावरचं सिलिकॉनचं टोपण फाटलं किंवा निघालं की हे हमखास होतं.

हे सगळं तपासून झाल्यावरच पीआयडी ट्यूनिंगला हात घालावा. ढिल्या थर्मिस्टरवर ट्यूनिंग केलं तर मिळणारे आकडे त्या ढिलेपणाला जुळलेले असतात, आणि दोष झाकला जातो.

पीआयडीतली तिन्ही अक्षरं दूध तापवणाऱ्या माणसाच्या नजरेत सापडतात. दूध अजून किती गार आहे त्यावरून तो आच ठरवतो, तो पी. बराच वेळ झाला तरी हवं तेवढं तापलं नाही म्हणून आच थोडी वाढवतो, तो आय. आणि साय भराभर वर येताना दिसली की उतू जायच्या आधीच आच कमी करतो, तो डी. हीटरची उष्णता ठोकळ्यातून थर्मिस्टरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. पी किंवा आय गरजेपेक्षा मोठे असले की या उशिरामुळे वीज वेळेवर कमी होत नाही, तापमान लक्ष्याच्या वर जातं, मग तितकंच खाली येतं, आणि लाट तयार होते.

योग्य आकडे यंत्र स्वतःच शोधतं. नोझल बेडपासून थोडं वर घ्यावं, पंखा छपाईत चालतो तेवढ्या वेगाने सुरू करावा, आणि ज्या तापमानाला छापतो त्याच तापमानाला चाचणी घ्यावी:

```
M106 S255
M303 E0 S210 C8
```

फर्मवेअर हीटरला मुद्दाम कमी-जास्त वीज देत आठ वेळा लाट उठवतं आणि ती मोजतं. एक उदाहरण करून पाहू. विजेच्या २५५ पायऱ्या आहेत आणि चाचणीत ती मध्यापासून १०० पायऱ्या वर, १०० पायऱ्या खाली अशी बदलली. तापमान २०७.५ ते २१२.५ असं ५ अंशांत झुललं, म्हणजे लाटेची उंची मध्यापासून अडीच अंश. एक पूर्ण लाट २८ सेकंदांची. चौपट १०० ला पाय गुणिले २.५ ने भागलं की ५०.९ येतात, हा अंतिम गुणांक. त्याचा ०.६ पट म्हणजे पी, सुमारे ३०.५६. दुप्पट पी भागिले २८ म्हणजे आय, २.१८. पी गुणिले २८ भागिले ८ म्हणजे डी, १०६.९६. हे नियम झिग्लर आणि निकोल्स या अभियंत्यांनी १९४२ साली कारखान्यांतल्या यंत्रांसाठी मांडले. मार्लिन आजही तेच वापरतं. आलेले आकडे असे साठवायचे:

```
M301 P30.56 I2.18 D106.96
M500
```

M500 विसरलं तर यंत्र बंद केल्यावर जुने आकडे परत येतात. ट्यूनिंगनंतर आकडा लक्ष्याच्या अर्ध्या-एक अंशात टिकला तर काम झालं. तो बारीक थरथरत राहिला तर डी थोडा कमी करून पाहावा.

बेडची गोष्ट संथ असते. बऱ्याच यंत्रांत बेड नुसता चालू-बंद करून तापवला जातो, आणि तापताना-गार होताना पाटी किंचित वाकत असल्यामुळेही कधीकधी बाजूंवर पट्टे येतात. फर्मवेअरमध्ये बेडचं पीआयडी चालू असेल तर M303 E-1 S60 C8 ही चाचणी घ्यावी आणि आकडे M304 ने भरावेत. लाट मोठी असल्यामुळे चाचणीला वेळ लागतो. ती मध्येच सोडू नये.

शिवाय एक किमान मर्यादाही असते, मार्लिनच्या मूळ मांडणीत ५ अंश. थर्मिस्टरची वायर पूर्ण तुटली की फर्मवेअरला प्रचंड थंडी दिसते, आणि ती पकडण्यासाठी ही मर्यादा आहे. निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या कडाक्यात उघड्या पडवीत ठेवलेलं यंत्र पहाटे MINTEMP म्हणून अडलं, तर आधी खोलीचं तापमान पाहावं आणि मगच वायर तपासावी.

या सगळ्या राखणीची एक हद्द आहे आणि ती माहीत असलीच पाहिजे. फर्मवेअर फक्त हीटर बंद करण्याचा हुकूम देतं. वीज तोडण्याचं काम बोर्डावरचा मॉस्फेट करतो, आणि तो जळताना अनेकदा ‘चालू’ अवस्थेत अडकतो. मग पडद्यावर Thermal Runaway दिसत असतं, फर्मवेअरने हात वर केलेले असतात, आणि हीटर मात्र तापत राहतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या बेडचा सॉलिड स्टेट रिलेही असाच अडकू शकतो. त्यासाठी बेडला चिकटवलेला थर्मल फ्यूज किंवा पूर्ण वीजपुरवठाच तोडणारा वेगळा रिले लागतो. तो बसवलेला नसेल, तर छपाई चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये.