आग लागण्याआधी आगीचा हिशोब

व्यापारी इमारतीचा फायर ऑडिट अहवाल हातात घेतला तर पहिल्यांदा दिसतो तो एक तक्ता. काय आढळलं, जोखीम किती, दुरुस्ती कधीपर्यंत. दुकानमालकाला तो आणखी एक सरकारी कागद वाटतो. पण त्या तक्त्यात जी आग अजून लागलेलीच नाही तिचा मिनिटामिनिटाचा हिशोब मांडलेला असतो. ती कुठून सुरू होईल, कोणत्या वाटेनं वर चढेल, कुणाची वाट अडवेल, हे सगळं इमारत थंड आणि शांत असताना ठरवलेलं असतं. तीनही रकान्यांमागे मोजमाप एकच आहे, ते वेळेचं. माणसांना बाहेर पडायला किती वेळ लागेल आणि आग-धूर त्यांना किती वेळ देतील?

ही दोन घड्याळं एकमेकांशी जुळली नाहीत की काय होतं ते महाराष्ट्रानं 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर पाहिलं. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या ‘मोजोज बिस्ट्रो’ आणि ‘वन अबव्ह’ या दोन पबना आग लागली आणि 14 जणांचा जीव गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यांची ठिणगी पडद्याला लागली असा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाला. वरचं आच्छादन झपाट्यानं पेटलं आणि अनेक जण स्वच्छतागृहाच्या आसऱ्याला जाऊन तिथेच गुदमरले. ऑडिटच्या तक्त्यात हे किती साध्या शब्दांत बसतं पाहा: उघडा निखारा, ज्वलनशील पडदे आणि आच्छादन, बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळे. सुट्या सुट्या वाचल्या तर किरकोळ वाटणाऱ्या नोंदी. एकत्र आल्या की पहिली आग लावते, दुसरी माणसांचा वेळ हिरावून घेते आणि तिसरी त्यांना लागणारा वेळ वाढवते.

आता हीच नजर घेऊन सावद्याला येऊ. रावेर तालुक्यातलं हे गाव केळीच्या पट्ट्याच्या मधोमध आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावातून जातो आणि इथल्या रेल्वे स्थानकावरून केळी उत्तरेच्या बाजारपेठांकडे जाते. अशा गावात शोभेल अशी एक इमारत केवळ उदाहरणासाठी मनात उभी करू. तळमजल्यावर केळीच्या व्यापाऱ्याचं गोदाम आणि एक रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवण्याची थंड खोली. पहिल्या मजल्यावर दुकानं आणि कार्यालयं, दुसऱ्यावर शिकवणी वर्ग. संध्याकाळी सहाला दुसऱ्या मजल्यावर 90 मुलं बसलेली असतात.

पहिली नोंद जिन्याची. जिना दीड मीटर रुंद बांधलेला आहे आणि राष्ट्रीय इमारत संहितेत अशा इमारतीसाठी हीच किमान रुंदी सांगितली आहे. त्याच संहितेत जिन्याची क्षमता माणशी 10 मिलिमीटर रुंदी या हिशोबानं धरतात, म्हणजे हा जिना 150 माणसांचा झाला. पण हंगामात केळीची पुठ्ठ्याची रिकामी खोकी जिन्याच्या वळणावर रचलेली असतात आणि टेप लावून मोजलं तर मोकळी वाट 70 सेंटिमीटरच भरते. तोच जिना आता 70 माणसांचा राहिला. ढोबळ हिशोब असा की गर्दी उतरताना रुंदीच्या दर मीटरमागे सेकंदाला साधारण एक माणूस खाली येतो. मोकळ्या जिन्यावरून 90 मुलं मिनिटभरात उतरतील. खोक्यांमधून दोन मिनिटांहून जास्त लागतील आणि त्यात कुणी अडखळलं, मागे वळलं किंवा दप्तर शोधत बसलं हे धरलेलंच नाही. फोम, प्लास्टिक, पुठ्ठा भरलेली खोली पाच मिनिटांच्या आतही पूर्ण पेटू शकते. आग लक्षात येईपर्यंत त्यातली काही मिनिटं आधीच गेलेली असतात. आणि ही खोकी नुसती वाट अडवत नाहीत, ज्या वाटेनं पळायचं तिथेच ती जळण म्हणून रचलेली आहेत. म्हणून या नोंदीपुढे जोखीम ‘अति उच्च’ आणि मुदत ‘आजच’.

दुसरी नोंद रायपनिंग चेंबरची, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. केळी पिकते ती इथिलीन वायूनं. फळ स्वतःही तो तयार करतं, आपण फक्त सुरुवात करून देतो. त्यासाठी हवेत दहा लाख भागांत 100 भाग इथिलीन पुरतं आणि आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतली मर्यादाही तेवढीच आहे. इथिलीन ज्वलनशील आहे, पण हवेत त्याचं प्रमाण 2.7 टक्क्यांवर गेल्याशिवाय ते पेट घेत नाही. म्हणजे केळी पिकवायला जितकं लागतं त्याच्या 270 पट.

आपल्या उदाहरणातली खोली 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे, म्हणजे 60 घनमीटर हवेची. केळी पिकवायला त्यात अवघं 6 लिटर इथिलीन लागतं. ती खोली स्फोटक व्हायला 1,620 लिटर लागेल. इथवर ऐकून व्यापारी निश्चिंत होतो. आता ऑडिटर पुढचा आकडा मांडतो: 1,620 लिटर इथिलीनचं वजन दोन किलोलाही थोडं कमीच भरतं. शुद्ध इथिलीनचा सिलिंडर त्याच खोलीत कोपऱ्यात उभा असेल, त्यात दोन-तीन किलो वायू असेल आणि रात्री दार बंद असताना त्याचा व्हॉल्व्ह गळत राहिला, तर पहाटे पंखा सुरू करणाऱ्याच्या हाताखाली एका स्विचची ठिणगी आणि पेट घेणारी हवा एकत्र येतात. वायू तोच, खोली तीच. सिलिंडर भिंतीच्या आत आहे की बाहेर, एवढ्यावर सगळं ठरतं. म्हणून नोंदीत लिहितात: सिलिंडर बाहेर हवेशीर जागी साखळीनं बांधून ठेवा, आत फक्त नळी आणि मोजून सोडणारं नियंत्रण. मुदत पुन्हा ‘आजच’. पुढच्या खरेदीला इथिलीन-नायट्रोजनचं मिश्रण घ्यावं अशी शिफारसही जोडतात. त्यात इथिलीन थोडं आणि बाकी सगळा न पेटणारा नायट्रोजन असतो, त्यामुळे गळती झाली तरी हा धोका उभा राहत नाही.

तिसरी नोंद डोळ्यांना दिसत नाही. ऑडिटर विजेच्या पॅनलसमोर उष्णता टिपणारा कॅमेरा धरतो, तोही कॉम्प्रेसर पूर्ण भारावर चालू असताना, कारण भार नसला की दोष लपतो. तीन जोडांपैकी दोन 48 अंशांवर आहेत आणि तिसरा 92 वर. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला योग्य लग न लावता थेट आवळली आहे. दोन्ही धातू तापले-निवले की कमीजास्त पसरतात, जोड ढिला पडतो, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि विरोध वाढतो. विरोध ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे 0.02 ओहम, झाला तरी 40 अँपिअरला तिथे 32 वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, नखाएवढ्या जागी, दिवसभर. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. त्यामुळे दुसरा कॉम्प्रेसर जोडल्याच्या हंगामातच असा जोड पेटतो. कॅमेरा नसला तरी खुणा असतात: वायरचं आवरण तपकिरी पडतं, तापलेल्या प्लास्टिकचा उग्र वास येतो, तीन जोडांपैकी एकाभोवतीच काजळी दिसते. मुदत सात दिवस, आणि तोवर दुसरा कॉम्प्रेसर बंद.

चौथी नोंद खोलीच्या भिंतींची. दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले पॅनल थंडी आत ठेवतात आणि पत्रा शाबूत आहे तोवर फोम झाकलेला राहतो. पण पाइप आत घेण्यासाठी कुणीतरी भोक पाडलं आणि कडा तशाच सोडल्या. आता आगीला फोमपर्यंत दार मिळालं. आग पत्र्याआड पसरते, बाहेरून पाणी मारलं तरी तिथवर पोहोचत नाही आणि फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. मुदत तीस दिवस: भोकाला धातूची नळी आणि आगरोधक भराव.

आता चारही मुदती शेजारी ठेवून पाहा. खोकी हलवायला पैसा लागत नाही आणि सिलिंडर बाहेर न्यायला अर्धा तास. दोन्ही आजच. जोडाला लग आणि वीजतंत्री हवा, म्हणून सात दिवस. भरावाला साहित्य आणि कारागीर, म्हणून तीस. चांगल्या अहवालात मुदत दोन गोष्टींतून निघते: धोका किती जवळ आहे आणि दुरुस्तीला खरोखर किती वेळ लागतो. दुरुस्तीचं काम मोठं असेल तर मुदत लांबते, पण त्या लांबलेल्या मुदतीला अंतरिम उपाय जोडलेला असतो, जसा इथे दुसरा कॉम्प्रेसर बंद ठेवण्याचा. अंतरिम उपायाशिवाय ‘नव्वद दिवस’ लिहिलेली उच्च जोखीम दिसली, तर नव्वद दिवस लोकांना तो धोका झेलायला सांगितलं आहे असाच त्याचा अर्थ.

जोखमीच्या आकड्याची मर्यादाही जाणून घ्यायला हवी. बरेच ऑडिटर शक्यतेला 1 ते 5 आणि परिणामाला 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करतात. ही पद्धत सोपी आहे, पण ती फसवते. रोज घडणारी किरकोळ गोष्ट 5 गुणिले 1 म्हणजे 5. क्वचित घडणारी पण 90 मुलांवर बेतणारी गोष्ट 1 गुणिले 5, म्हणजे तीही 5. कागदावर दोन्ही सारख्याच. म्हणून अनुभवी ऑडिटर एक नियम वेगळा पाळतो: जीवितहानी शक्य असेल तिथे गुणाकार काहीही येवो, नोंद खालच्या वर्गात जात नाही.

या कागदामागे कायदा उभा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालक किंवा भोगवटादारानं दर जानेवारी आणि जुलै महिन्यात ‘नमुना ब’मध्ये द्यायचं असतं. तपासणीत त्रुटी आढळल्या तर अग्निशमन अधिकारी मुदतीची नोटीस देतो आणि धोका निकटचा असेल तर इमारत रिकामी करायला लावण्याचेही अधिकार त्याच्याकडे आहेत.

वर्षातून दोनदा हे का, याचं उत्तर त्या पहिल्या नोंदीतच आहे. मुदतीच्या दिवशी खोकी हटवून फोटो काढला आणि नोंद ‘पूर्ण’ झाली, तरी पुढच्या कापणीला गोदाम भरलं की खोकी जिन्याकडे परत सरकतात. जोडाला लग बसतो आणि तो टिकतो, मोकळा जिना मात्र रोज नव्यानं मोकळा ठेवावा लागतो. म्हणून फेरतपासणी ऐन हंगामात, संध्याकाळी सहाला, शिकवणी भरलेली असताना करावी आणि टेपनं पुन्हा मोजावं. त्या वेळी दीड मीटर भरला तरच ती नोंद खऱ्या अर्थानं बंद झाली.