उंबर खरं की यंत्र?

वैशाखात ओढा कोरडा, पण काठावरचं उंबर हिरवंगार. ‘साहेब, इथंच खणा,’ विहिरी खोदण्यात उभा जन्म गेलेले आबा म्हणाले. तरुण इंजिनिअरला पटेना. त्यानं चार सळ्या ठोकून जमिनीत वीज सोडली. विजेला सर्वांत कमी विरोध झाला तो वरच्या बांधाजवळ. ओल तिथंच, असं त्याचं म्हणणं.

आबांनी त्याला शेजारच्या विहिरीत उतरवलं. दख्खनचा बेसॉल्ट थराथरांचा असतो: मुरूम, काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा. त्या पट्ट्याची माती आबांनी बोटांवर चोळून दाखवली. चिकट! अशी माती ओल धरून ठेवते, म्हणून वीज सहज वाहते. पाणी मात्र सुटत नाही. बांधाखाली हाच पट्टा होता. झरा पाझरत होता खालच्या सच्छिद्र मांजऱ्या खडकातून, ओढ्याच्या अंगानं.

इंजिनिअरचा उंबरावरचा आक्षेपही रास्तच. झाड उथळ ओल सांगतं, झऱ्याचा जोर नाही. त्यानं ओढ्याकाठी सळ्यांमधलं अंतर वाढवत पुन्हा मोजलं. अंतर वाढलं की खोलचा थर कळतो.

पस्तीस फुटांवर मांजऱ्या लागला. विहीर उपसून रात्रीत किती भरते ते पाहून इंजिनिअर म्हणाला, ‘ज्वारीला पुरेल, उसाला नाही.’ शेतमालकानं बेणं आधीच सांगून ठेवलं होतं.