भाव एकच, आकडे तीन

जुलै १९८१. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेतली तिसरी कसोटी चालू होती आणि ती इंग्लंडच्या हातून पार निसटली होती. लॅडब्रोक्स या ब्रिटिश बुकमेकर कंपनीने इंग्लंडच्या विजयाला भाव दिला ५००/१, म्हणजे एकास पाचशे. मैदानावरच्या फलकावर तो झळकला. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याला हा भाव कमालीचा वाटला. त्याने १० पौंड आणि यष्टिरक्षक रॉडनी मार्शने ५ पौंड संघाच्या बसचालकाकरवी चक्क इंग्लंडवर लावले. मग बोथमने नाबाद १४९ धावा कुटल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले आणि फॉलोऑन मिळालेला इंग्लंडचा संघ १८ धावांनी जिंकला. लिलीला ५,००० पौंडांचा नफा झाला, मार्शला २,५०० पौंडांचा. खेळाडूने आपल्याच सामन्यावर पैज लावणं आज नियमानेच बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण भाव कसा वाचायचा हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

कारण हाच भाव युरोपातल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या आजच्या फलकावर ५०१.०० असा दिसेल आणि अमेरिकेत +५०००० असा. आकडे तीन, पण १० पौंडांवरचा नफा तिन्हीकडे ५,०००च. फरक एवढाच की लावलेली मुद्दल आकड्यात धरली आहे की नाही आणि हिशोब किती रकमेवर मांडला आहे.

ब्रिटिश अपूर्णांकी भाव फक्त नफा सांगतो. खालच्या आकड्याएवढी रक्कम लावली तर वरच्या आकड्याएवढा नफा. जिंकल्यावर मुद्दल परत मिळतेच, पण ती या आकड्यात नसते. ५/२ म्हणजे २ लावले तर ५ नफा, हातात ७. ब्रिटनच्या घोड्यांच्या शर्यतीत ही पद्धत अजून रुळलेली आहे आणि तिच्या काही जुन्या सवयीही टिकून आहेत. ३/२ ऐवजी तिथे ६/४ लिहितात, १०/३ ऐवजी १००/३०. अपूर्णांकाला संक्षेप दिला की भाव तोच निघतो.

दशांश भावात मुद्दल आधीच मिळवलेली असते. लावलेल्या रकमेला त्या आकड्याने गुणलं की जिंकल्यावर हातात येणारी सगळी रक्कम मिळते. लिलीचे १० गुणिले ५०१ बरोबर ५,०१०. त्यातले १० त्याचेच. म्हणून अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करताना भागाकार करायचा आणि १ मिळवायचा. ५/२ चा भागाकार २.५, अधिक १, म्हणजे ३.५०. उलट जाताना आधी १ वजा करायचा.

नवख्या माणसाची चूक होते ती या एकापाशीच. ४/१ आणि ४.०० हे एकच आहेत असं सहज वाटतं. पण १०० रुपयांवर ४/१ भावाने हातात ५०० येतात आणि ४.०० भावाने ४००. ४.०० हा खरं तर ३/१ आहे. आकडा पाहिल्याबरोबर यात मुद्दल आहे का, हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं काम झालं.

अमेरिकी पद्धतीतही मुद्दल आकड्यात नसते, पण तिथे सगळा हिशोब १०० भोवती फिरतो आणि चिन्हाप्रमाणे वाक्यच उलटं होतं. +२५० म्हणजे १०० डॉलर लावले तर २५० नफा. −२५० म्हणजे १०० नफा हवा असेल तर २५० लावावे लागतील. वजा चिन्ह पाहून तोटा किंवा हरणारा संघ असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वजा चिन्ह त्या संघापुढे लागतं, ज्याच्या विजयाची शक्यता बाजाराला अर्ध्याहून जास्त वाटते. अमेरिकेत मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने क्रीडा सट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला आणि तेव्हापासून हे अधिक-वजाचे आकडे सामन्यांच्या प्रक्षेपणात सर्रास दिसतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या टीव्हीवर ते रोजचेच झाले आहेत. भारतात मात्र २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. इथे आपण फक्त आकडे वाचायला शिकतो आहोत.

आता एक भाव तिन्ही पद्धतींतून फिरवून पाहू. समजा, दशांश भाव १.८० आहे. १ वजा केला की ०.८० उरतात, म्हणजे रुपयाला ऐंशी पैसे नफा. अपूर्णांकात हे ४/५ झालं. अमेरिकी आकड्यासाठी विचारायचं, १०० नफ्याला किती लावावे लागतील? १०० भागिले ०.८०, म्हणजे १२५. नफा मुद्दलीपेक्षा कमी आहे म्हणून चिन्ह वजा: −१२५. दशांश भाव २.०० हून जास्त असता तर भागाकाराऐवजी गुणाकार करावा लागला असता. ३.५० मधून १ गेला, उरले २.५०, गुणिले १००, म्हणजे +२५०. बरोबर २.०० वर नफा मुद्दलीएवढाच असतो. ब्रिटिश त्याला ‘ईव्हन्स’ म्हणतात, लिहायचं तर १/१, अमेरिकेत +१००.

उत्तर चुकलं तर ते ओळखताही येतं. दशांश भाव १ पेक्षा कमी आला तर मुद्दल मिळवायची राहिली. अमेरिकी आकडा −१०० आणि +१०० यांच्या मधला आला, म्हणजे +६० किंवा −८० असा काही, तर गुणाकाराच्या जागी भागाकार झाला किंवा भागाकाराच्या जागी गुणाकार. तसा भाव त्या पद्धतीत असतच नाही. थोडा फरक मात्र चालवून घ्यावा लागतो. १०/११ चं दशांश रूप १.९०९० असं लांबतच जातं आणि फलकावर ते १.९१ होऊन बसतं.

हा १.९१, म्हणजेच −११०, अमेरिकेतला अगदी नेहमीचा भाव आहे. बलाढ्य संघाच्या गुणांतून काही गुण मनाने वजा धरून दोन्ही बाजू समसमान करतात आणि दोन्हीकडे −११० लिहितात. एकाने या बाजूवर ११० डॉलर लावले, दुसऱ्याने त्या बाजूवर ११०. बुकमेकरकडे २२० जमा झाले. जिंकणाऱ्याला ११० मुद्दल आणि १०० नफा मिळून २१० गेले. सामना कोणीही जिंको, १० डॉलर बुकमेकरकडे राहिले.

ही कपात शोधायला दशांश भाव सर्वांत सोयीचा. १ भागिले दशांश भाव केलं की त्या भावात गृहीत धरलेली शक्यता निघते. १ भागिले १.९०९ म्हणजे सुमारे ५२.४ टक्के. दोन्ही बाजूंची बेरीज १०४.८ होते. खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे वरचे ४.८ हे बुकमेकरने भावात आधीच मिसळलेले असतात. हेडिंग्लेचा ५०१ भाव याच रीतीने तपासला तर इंग्लंडला ०.२ टक्के शक्यता दिसते. तो त्या वेळचा भाव होता, म्हणजे एका कंपनीने मांडलेली किंमत. संघाच्या ताकदीचं ते मोजमाप नव्हतं.