एक प्रश्न, चाळीस मिनिटं

व्याख्यानाचं निमंत्रण येतं तेव्हा सोबत विषय येतो, प्रश्न येत नाही. ‘कोयनेचा भूकंप या विषयावर बोला, वेळ चाळीस मिनिटं,’ एवढंच संयोजक सांगतात. वक्ता अभ्यासू असेल तर तो लगेच कागद घेऊन मुद्दे काढायला बसतो. कोयना प्रकल्पाचा इतिहास, वीजनिर्मिती, 11 डिसेंबर 1967 ची पहाट, जीवितहानी, भूकंप का होतात, शास्त्रज्ञांचं संशोधन, आपण घ्यायची काळजी. सात मुद्दे झाले, प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं दिली की व्याख्यान तयार. यातला प्रत्येक मुद्दा खरा असतो, महत्त्वाचाही असतो. तरीही तिसऱ्या मुद्द्याच्या सुमाराला सभागृहात चुळबुळ सुरू होते.

याचं कारण ऐकण्याच्या रीतीत आहे. वाचणाऱ्याला मागचं पान पुन्हा उघडता येतं, ठळक मथळे पाहून आपण कुठे आहोत हे कळतं. ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. वक्ता मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलला तरी चाळीस मिनिटांत चार-पाच हजार शब्द कानांवरून जातात. त्यातलं काय धरून ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे श्रोत्याने कशावरून ठरवायचं? यादी त्याला ते सांगत नाही, कारण यादीत सगळे मुद्दे सारख्याच मोलाचे असतात. मनात एक प्रश्न जागा असला की मात्र प्रत्येक नव्या माहितीला तो स्वतःच विचारू लागतो, ‘याने उत्तर जवळ आलं की लांब गेलं?’

आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगासाठी एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच मूळ पदावर येतात. मधे कितीही दृष्टांत आले तरी ऐकणारा हरवत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये, आणि तेव्हापासून गावोगावी व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. पण त्यांच्या पत्रिकांवर छापला जातो तो विषयच, आणि वक्तेही बहुतेकदा विषयापाशीच थांबतात.

कोयनेचंच उदाहरण घेऊन एक व्याख्यान बांधून पाहू. पहिलं काम प्रश्न शोधण्याचं. ‘कोयनेचा भूकंप म्हणजे काय?’ हा प्रश्न नव्हे, विषयालाच लावलेलं प्रश्नचिन्ह आहे. त्याच्या पोटात सातही मुद्दे जसेच्या तसे मावतात, म्हणजे त्याने काहीच गाळलं जात नाही. ‘निसर्गाशी छेडछाड करावी का?’ हा भलताच मोठा प्रश्न. त्याचं उत्तर चाळीस मिनिटांत मिळत नाही आणि कोयना त्यात केवळ निमित्त होऊन राहते. चालेल असा प्रश्न हा: ‘धरणामुळे भूकंप झाला का?’ याची दोन्ही उत्तरं शक्य वाटतात. सातारा, सांगली, चिपळूणच्या श्रोत्याने तो घरात कधीतरी ऐकलेला असतो. आणि उत्तर ठरवायला पुरावा लागतो, नुसतं मत पुरत नाही.

प्रश्न ठरला की सात मुद्द्यांपैकी निम्मे आपोआप गळतात. वीजनिर्मिती जाते. भूकंपात घ्यायची काळजी जाते, कितीही उपयुक्त असली तरी. ती वेगळ्या दिवसाची गोष्ट आहे. प्रकल्पाच्या इतिहासातलं एकच वाक्य उरतं: धरणात पाणी साठू लागलं ते 1961-62 च्या सुमारास. वक्त्याला हे सगळ्यात जड जातं, कारण गाळलेल्या भागासाठीही त्याने रात्री जागवलेल्या असतात.

आता सुरुवात. पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. मग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, लोक झोपेत असताना, 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, 103 मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीलाही वरच्या भागात भेगा पडल्या. आणि दख्खनचं पठार तर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानलं जात होतं. इथे थांबून प्रश्न मोठ्याने, एका वाक्यात विचारायचा: धरणामुळे भूकंप झाला का? एवढ्याला पाच मिनिटं पुरेत.

श्रोत्याच्या मनातलं पहिलं उत्तर असतं, ‘अर्थात, एवढ्या पाण्याचं वजन पडलं ना!’ साठा सुमारे शंभर टीएमसीचा, त्यामुळे ते पटतंही. म्हणून वक्त्याने तेच आधी तपासायला घ्यावं. शंभर मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब साधारण दहा वातावरणांएवढा असतो. पण पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशे वातावरणांच्या आसपास असतो. पाण्याने त्यात एक टक्काही भर पडत नाही. सभागृह इथे बुचकळ्यात पडतं आणि पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडी येतो: मग पाण्याने केलं तरी काय?

आता भूगर्भशास्त्र सांगायची वेळ येते, आणि लागेल तेवढंच सांगायचं असतं. जमिनीखाली जुने भ्रंश आहेत, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा. तिथे दोन्ही बाजूंच्या खडकांवर वर्षानुवर्षं ताण साठत जातो, पण घर्षणामुळे ते जागच्या जागी धरलेले असतात. जलाशयाच्या पाण्यामुळे खालच्या भेगा-छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढतो, तो खडकांना एकमेकांपासून किंचित ढकलतो आणि घर्षणाची पकड सैल होते. ताण आधीच काठावर आलेला असेल तर एवढी थोडी ढिलाईही पुरते. यादीच्या व्याख्यानात हाच भाग ‘भूकंप का होतात’ या मथळ्याखाली पृथ्वीच्या गाभ्यापासून सुरू झाला असता. इथे श्रोता त्याची वाट पाहत असतो.

लगेच आक्षेप येतो, यायलाच हवा. उजनीचा साठा कोयनेपेक्षा मोठा आहे, तिथे अशी भूकंपांची मालिका का नाही? कारण धरण ताण निर्माण करत नाही. ताण तिथे आधी असावा लागतो, भ्रंश योग्य जागी असावा लागतो आणि पाणीही पुरेसं खोल असावं लागतं. उलट बाजूने किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993 ला तिथे भूकंप झाला आणि जवळ कोयनेसारखं मोठं धरण नव्हतं. म्हणजे पठार स्थिर आहे हा समजच अपुरा होता. किल्लारीबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, पण या व्याख्यानात तिला दोनच मिनिटं, कारण ती इथे एका आक्षेपापुरतीच आली आहे.

मग योगायोगाची शंका उरते. तिचं निरसन वारणा करते. कोयनेच्या दक्षिणेला वारणेचं धरण झालं, 1980 च्या दशकाच्या मध्यापासून त्यात पाणी साठू लागलं आणि 1993 पासून भूकंपांचे केंद्रबिंदू वारणेच्या बाजूलाही दिसू लागले. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत या भागातली हालचाल वाढते, हेही नोंदींत दिसतं. एका धरणाबाबत योगायोग म्हणता आलं असतं. दुसऱ्या धरणानंतर आणि दर पावसाळ्यानंतर तसं म्हणणं कठीण होतं.

शेवटची पाच मिनिटं उत्तराची: धरणाने भूकंप घडवला नाही, पण जमिनीत साठलेल्या ताणाला वाट करून दिली. शिवाय जे अजून उलगडायचं आहे तेही सांगायचं. कोणता भ्रंश कधी सरकेल हे आज सांगता येत नाही. त्याच शोधासाठी कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र खणून थेट खालच्या खडकाचा अभ्यास सुरू झाला. याच वेधाने संशोधनाचा मुद्दा व्याख्यानात येतो. वेगळं ‘शास्त्रज्ञांचं योगदान’ लागत नाही.

व्याख्यान खरंच प्रश्नावर उभं आहे की यादीलाच प्रश्न चिकटवला आहे, हे घरी तपासता येतं. दोन लगतच्या भागांची अदलाबदल करून पाहावी. यादीत वीजनिर्मिती आधी आली काय किंवा जीवितहानी आधी आली काय, काही बिघडत नाही. वरच्या बांधणीत वजनाचा हिशेब आणि पाण्याच्या दाबाचा भाग उलटा केला तर दोन्ही निकामी होतात. दुसरी खूण जोडवाक्यांत सापडते. ‘आता आपण पुढच्या मुद्द्याकडे वळू’ असं म्हणावं लागलं की साखळी तिथे तुटली आहे. ‘पण वजन तर एवढं कमी, मग?’ असं वाक्य सहज सुचलं तर ती जुळलेली आहे.

चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. एक, उत्तर घाईने देण्याची. ‘भूकंप धरणामुळे झाला का, तर हो, अंशतः, कसं ते पाहू,’ असं दुसऱ्याच मिनिटाला सांगितलं की उरलेली अडतीस मिनिटं फक्त पुष्टीची होतात. दुसरी, प्रश्न सुरुवातीला विचारून विसरण्याची. उशिरा आलेला, क्षणभर लक्ष उडालेला असे श्रोते प्रत्येक सभेत असतात. म्हणून प्रत्येक वळणावर प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा उच्चारावा. लिहिताना ही पुनरुक्ती टोचेल, कानाला टोचत नाही.

ही रीत सगळीकडे चालत नाही. निवडणूक कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असेल किंवा भूकंपात काय करावं हे शिकवायचं असेल, तर क्रमवार यादीच हवी आणि ती छापून हातातही द्यावी. तिथे श्रोत्याला काही उलगडायचं नसतं, पायऱ्या चुकवायच्या नसतात.

कोयनेवरचं व्याख्यान जमलं की नाही, याचा अंदाज मला टाळ्यांपेक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांवरून जास्त चांगला येतो. ‘धरणाची उंची किती म्हणालात?’ असे प्रश्न आले तर लोक माहिती टिपत होते. ‘मग पाणी हळूहळू भरलं तर धक्के कमी होतील का?’ असं कुणी विचारलं, तर तो माणूस वक्त्याच्या पुढे एक पाऊल गेला आहे. जलाशय किती वेगाने भरतो याचा भूकंपांशी संबंध शास्त्रज्ञांनीही तपासला आहे.