कार्ड उघडलं, तरी मजकूर सुलटा!

घरच्या प्रिंटरवर छापलेल्या शुभेच्छापत्रात एक गफलत हमखास होते. वरचं चित्र झकास उमटतं, घडीही नेमकी बसते, आणि कार्ड उघडावं तर आतला मजकूर खाली डोकं वर पाय! अशा वेळी प्रिंटरला बोल लावण्यात अर्थ नसतो. कागदाची दुसरी बाजू छापताना तो कोणत्या कडेवरून पालटायचा, तेवढंच चुकलेलं असतं.

समजा, आजीच्या पंच्याहत्तरीचं कार्ड करायचं आहे. कागद नेहमीचाच, ए-फोर, २९७ बाय २१० मिलिमीटरचा. संगणकाला हात लावण्याआधी एक कोरा कागद आडवा धरावा आणि डावी-उजवी कड जुळवून मधोमध दुमडावा. घडी डाव्या हाताला ठेवून वरच्या पानावर पेन्सिलीने १ लिहावं, उघडून आत डावीकडे २, उजवीकडे ३ आणि मागच्या पानावर ४. आता कागद सपाट उलगडला, की सगळा आराखडा डोळ्यांसमोर येतो. बाहेरच्या बाजूला डावीकडे ४ आणि उजवीकडे १, आतल्या बाजूला डावीकडे २ आणि उजवीकडे ३.

फाइलही अशीच मांडायची. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये दोन आडवी पानं घ्यावीत. पहिल्या पानाच्या उजव्या अर्ध्यात मुखपृष्ठ, म्हणजे आजीचा फोटो आणि ‘पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा’. डाव्या अर्ध्यात मागची बाजू. दुसऱ्या पानाच्या उजव्या अर्ध्यात नातवंडांचा मजकूर, डावा अर्धा मोकळा. मुखपृष्ठ चुकून डावीकडे ठेवलं, तर कार्ड उर्दू पुस्तकासारखं उलट बाजूने उघडेल.

डावा अर्धा मोकळा ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. झेरॉक्सचा ७० किंवा ७५ जीएसएमचा कागद पातळ असतो, गडद रंग पलीकडून दिसतो. मुखपृष्ठाच्या बरोबर मागे येतं ते आतलं डावं पान. फोटोची छाया तिथे उतरते आणि आजीला वाचायचा मजकूर स्वच्छ राहतो, कारण त्याच्या पाठीशी असतं जवळजवळ कोरं शेवटचं पान.

आता छपाई. प्रिंटर आपणहून दोन्ही बाजू छापणारा असेल, तर सेटिंगमध्ये Flip on long edge आणि Flip on short edge असे दोन पर्याय दिसतात. बहुतेक ठिकाणी पहिला आधीच निवडलेला असतो. उभ्या पानांच्या अहवालाला तो बरोबर आहे, पण आडव्या कार्डात मजकूर उलटतो तो त्यानेच. कार्डाची घडी कागदाच्या आखूड कडेला समांतर असते, म्हणून पालटणंही आखूड कडेवरूनच व्हायला हवं. वरच्या बाजूने उघडणारं कार्ड असेल तरी पर्याय तोच. मात्र तिथे कागद उभा मांडायचा, मुखपृष्ठ खालच्या अर्ध्यात ठेवायचं आणि वरच्या अर्ध्यातली मागची बाजू उलटी फिरवायची.

पुष्कळ घरांतल्या प्रिंटरना ही सोय नसते. तिथे आधी फक्त पहिलं पान छापावं, शाई वाळू द्यावी आणि मग कागद हाताने पालटून पुन्हा घालावा. नियम सोपा आहे: पहिल्या वेळी जी कड शेवटी आत गेली, ती आता आधी जायला हवी. राहिला प्रश्न कोरी बाजू कुठे ठेवायची याचा. मागून कागद घेणारे प्रिंटर सहसा समोरच्या बाजूवर छापतात, पुढच्या ट्रेचे सहसा खालच्या बाजूवर. खात्री करायला रद्दी कागदावर पेन्सिलीने फुली मारून एक पान छापून पाहावं. मजकूर फुलीच्या बाजूला आला की पलीकडे, हे लगेच कळतं. चांगला कागद त्यानंतरच घालावा.

छापण्याआधी आकार Actual size किंवा १०० टक्के आहे ना, हेही पाहावं. ‘पानात बसवा’ अशा पर्यायाने मजकूर आकसतो आणि कागदाच्या चारी कडांना समान जागा सुटली नाही, तर पानाचा मध्य घडीवरून सरकतो. घरगुती प्रिंटर बहुधा अगदी कडेपर्यंत छापतही नाहीत. रंगीत पार्श्वभूमीभोवती पांढरी पट्टी राहते. म्हणून कडेपर्यंत रंग भरण्यापेक्षा पांढऱ्या जागेत फोटो नेटका बसवलेला बरा. घडीच्या दोन्ही बाजूंनाही दीड सेंटिमीटर जागा मोकळी असू द्यावी.

ए-फोर कागदाचे तंतू सहसा लांबीच्या दिशेने असतात आणि ही घडी त्यांना आडवी जाते, त्यामुळे ती खडबडीत पडू शकते. १४८.५ मिलिमीटरवर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने हलकी रेघ ओढावी आणि मग दुमडावं. तयार कार्ड ए-फाइव्ह आकाराचं होतं. त्यासाठी दुकानात सी-फाइव्ह पाकीट मागावं, १६२ बाय २२९ मिलिमीटरचं.