52 वजा 27 आणि ‘सुलभक’ शिक्षक

‘शिक्षक हा ज्ञानाचा संक्रमक नसून सुलभक आहे. चिकित्सक चर्चा करा.’ बी.एड. किंवा डी.एल.एड. केलेल्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. त्याचे छापील उत्तरही ठरलेले असते. पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘पारंपरिक शिक्षक’ म्हणून सगळे दोष लिहायचे आणि उजवीकडे ‘सुलभक’ म्हणून सगळे गुण. शेवटी शिक्षक हा मित्र आणि मार्गदर्शक असतो असे लिहिले की उत्तर संपले. प्रश्नातला ‘चिकित्सक’ हा शब्द मात्र या उत्तरात कुठेच सापडत नाही.

उजव्या बाजूला सरकारी वजनही भरपूर आहे. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते ही भूमिका घेतली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकणे आले. महाराष्ट्रात 2015च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा बोजड शब्द जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पोचला.

या भूमिकेत खरे बळ कुठे आहे, हे तिसरीच्या वहीत दिसते.

52 वजा 27 हे उदाहरण घ्या. बरीच मुले उत्तर 35 लिहितात. हा निष्काळजीपणा नसतो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढते आणि पाच लिहिते. पाचातून दोन गेले, तीन राहिले. लहान अंक मोठ्यातून वजा करायचा हा नियम त्याने स्वतःच बनवलेला असतो आणि तो ते इमानदारीने पाळत असते. ‘हातचा घ्यायला विसरलास’ असे सांगून गुरुजी फळ्यावर उदाहरण पुन्हा सोडवतात. मूल ते उतरवून घेते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 35 लिहिते, कारण त्याच्या डोक्यातल्या नियमाला कोणी हातच लावलेला नसतो.

सुलभक शिक्षिका दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलीपुढे ठेवते. ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ मुलगी दोन गठ्ठे देते आणि सुट्या सात शोधू लागते. सुट्या तर दोनच. थोडी चुळबुळ होते, मग ती एका गठ्ठ्याचे रबर काढते. आता सुट्या बारा झाल्या. त्यातल्या सात दिल्यावर तिच्याकडे दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात. शिक्षिका वहीतल्या 35कडे बोट दाखवते आणि थांबते. हे थांबणे फार मोलाचे, कारण चूक दाखवण्याचे काम तिथे काड्याच करतात.

पण धडा इथे संपत नाही. पाचावर काट मारून वर चार लिहायचे आणि दोनाचे बारा करायचे, ही मांडणी काड्यांतून आपोआप सुचत नाही. ती माणसांनी ठरवलेली रीत आहे. ती दाखवावी लागते, सांगावी लागते आणि सरावाने हातात बसवावी लागते. ‘क’ असाच का काढायचा, याचाही शोध कोणत्याच मुलाला लागणार नाही. एकाच तासात शिक्षिका आधी सुलभक होती आणि नंतर सरळसरळ सांगणारी झाली.

मुलीला खरेच समजले का, हे पाहायचे तर दुसऱ्या दिवशी 403 वजा 168 द्यावे. दशकाच्या घरात शून्य आहे. नुसती रीत पाठ केलेले मूल तिथे अडखळते. शतक मोडून दशक करायचे आणि त्यातले एक दशक पुन्हा मोडायचे, हे ज्याला कळले ते 235पर्यंत पोचते.

शोधातून शिकण्याच्या बाजूला एक जोरदार धक्का 2004 साली अमेरिकेत बसला. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीतल्या 112 मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले. उतार किती, पृष्ठभाग कसा, चेंडू कोणता, हे सगळे बदलता येत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच प्रयोगाला अर्थ राहतो, एवढेच शिकायचे होते. निम्म्या मुलांना चांगले आणि फसवे प्रयोग दाखवून कारण समजावले. उरलेल्यांना तेच साहित्य दिले, पण काहीच सांगितले नाही. समजावलेल्यांपैकी 77 टक्के मुलांनी ही पद्धत आत्मसात केली. स्वतः शोधणाऱ्यांपैकी फक्त 23 टक्क्यांनी. नवख्या मुलाला एकाच वेळी डोक्यात फार गोष्टी धरता येत नाहीत, त्यामुळे ते शोधाच्या रानात भटकते, असे या बाजूचे संशोधक म्हणतात.

मग सांगणारा शिक्षकच जिंकला का? तीनच वर्षांनी डीन आणि कून यांनी हाच विषय अनेक आठवडे चालवून पाहिला. एकदा समजावून सांगितलेले पुढे टिकेलच असे नाही. वारंवार स्वतः प्रश्न हाताळावे लागतात, असे त्यांना आढळले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की वाद बराचसा विरतो. सुरुवात समजावण्याने लवकर होते, पण शिकलेले टिकवायला मुलाचे स्वतःचे काम लागते.

सुलभकाची आणखी एक अडचण आपल्याकडे कमी बोलली जाते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी 1988मध्ये ती मांडली. घरी पुस्तके आणि शाळेची भाषा असलेले मूल शिक्षकाने काही न सांगताही वर्गाचे नियम ओळखते. बाकीच्यांना ते स्पष्ट सांगितल्याशिवाय कळत नाहीत. धडगावच्या पाड्यावरून आलेल्या आणि घरी भिली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले अर्जलेखन ‘तूच शोध’ म्हणून सोडून दिले, तर ते स्वातंत्र्य नव्हे, टाळाटाळ आहे.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे नाव याच काळात गाजले. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत तिथल्या शिक्षकांनी फरशीवर आखलेल्या तक्त्यांपासून मुलांच्या गटकामापर्यंत बरेच काही उभे केले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परतल्यावर नक्कल करायला सर्वांत सोपी होती ती फरशी. ती रंगली, साहित्याची पेटी आली, पण 35 लिहिणाऱ्या मुलीसमोर कोणता प्रश्न टाकायचा हे रंगासोबत येत नाही. त्यासाठी शिक्षकाला वजाबाकी येऊन भागत नाही, तिच्यात मुले कोणकोणत्या चुका करतात हेही माहीत असावे लागते. शिवाय एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता आणि टेबलावर माहिती भरायचे कागद असले, तर काड्यांसमोर थांबायला वेळ कोण देणार?

म्हणून परीक्षेत हा प्रश्न आला तर मधोमध रेघ मारू नये. एक घटक निवडावा, त्यात मुलाने काय शोधायचे आणि शिक्षकाने काय सांगायचे हे पायरीपायरीने लिहावे, आणि ‘नसून’ या शब्दाशी असहमती सकारण नोंदवावी. असे उत्तर कोणत्याही गाइडमधल्या दोन रकान्यांपेक्षा सरस ठरते, आणि तपासणाऱ्यांनीही त्याला तसेच गुण द्यावेत.